खुंट्याचे दोन वेढे

गेल्या उन्हाळ्यात वणीजवळच्या आमच्या शेतातील विहिरीत मोटरपंप उतरवायचा होता. पंपाचे वजन सुमारे १०० किलो आणि खाली विहिरीत एक माणूस उभा. आम्ही चौघे दोर धरून सरसावलो, तोच बाबा म्हणाले, "हातावर भार घेऊ नोका. खुंट्याले दोन वेढे द्या अन् हळूहळू सोडत राहा." मग विहिरीकाठच्या जाड खुंट्याला वेढे दिले आणि मी एकट्याने, एका हाताने पंप खाली उतरवला. हे कसे घडले, ते येथे पाहू.

ताणलेला दोर खुंट्यावर दाबला जातो. या दाबामुळे घर्षण होते व ते थोडा भार पेलते. उरलेला भार दोराच्या पुढच्या भागाकडे जातो. तेथे ताण कमी, म्हणून दाब व घर्षणही त्याच प्रमाणात कमी. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर ठरावीक वजन नव्हे, तर उरलेल्या भाराचा ठरावीक हिस्सा कमी होतो. चक्रवाढ व्याजाचा हिशेब उलटा मांडावा, तसेच हे. अठराव्या शतकातील गणिती ऑयलर याने याचे सूत्र मांडले.

लाकूड व दोर यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर प्रत्येक अर्ध्या वेढ्यानंतर भाराचा सुमारे ३९ टक्के हिस्सा उरतो. १०० किलोचे ३९, मग १५, मग ६ आणि दोन वेढे पूर्ण होताच सव्वादोन किलोच्या आसपास. खुंटा जाड की बारीक, याने या हिशेबात फरक पडत नाही. जाड खुंट्यावर दोर जास्त लांबीवर टेकतो, पण तेवढाच दाब विरळ होतो.

मात्र खुंटा गुळगुळीत किंवा ओला असला, तर हिशेब बदलतो. घर्षणांक ०.२ झाला की दोन वेढ्यांनंतरही आठ किलो ओढ लागते. दोर आपोआप सरकू लागला, तर आणखी एक वेढा हवा हे ओळखावे. ढील देऊनही तो हलत नसेल, तर वेढे जास्त झाले आहेत. वेढ्यावर वेढा चढला, तर दोर आवळून बसतो व भार मध्येच लटकतो, म्हणून वेढे शेजारीशेजारी घ्यावेत. नायलॉनचा दोर भरभर सोडला तर तापून वितळतो. आणि मोकळे टोक हातातून पूर्ण सोडून चालत नाही. ते थोडे तरी ओढून धरावेच लागते, कारण शून्याला कितीही पटीने गुणले तरी शून्यच.

पुढे पंप दुरुस्तीसाठी वर काढताना आम्ही तेच वेढे ठेवून ओढू लागलो. पंप तसूभरही हलेना. ओढताना घर्षण आमच्याविरुद्ध होते. हिशेबाने चार हजार किलोंहून अधिक ओढ लागली असती! वेढे सोडून दोर कप्पीवर घेतला, तेव्हा पंप वर आला. खुंटा भार धरून ठेवतो, उचलून देत नाही.