फोटोत एक रकाना कमी पडला तर

जळगावात मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. धुळ्याकडची काही मुलं अडलेल्या गणिताचा फोटो मोबाइलवर पाठवतात. मॅट्रिक्सच्या गुणाकाराचं असंच एक गणित एका मुलीकडून आलं, आणि तेव्हापासून कुठल्याही फोटोवरचं गणित मी ऑर्डर मोजल्याशिवाय हातात घेत नाही. तो अनुभव सविस्तर सांगतो, कारण अशी चूक सहज नजरेत येत नाही.

गणित असं होतं. A मध्ये दोन शेतकऱ्यांचा माल क्विंटलमध्ये दिलेला: कापूस, मका, हरभरा. B मध्ये त्याच तीन पिकांचे क्विंटलमागचे भाव, हजार रुपयांत. AB आणि BA काढता येतात का ते सांगा, येत असतील तर काढा, असा प्रश्न. फोटोत दिसत होतं ते एवढं:

```
A = | ४  १०  ३ |      B = | ७  ६
    | ६   ५  २ |          | २  २
                          | ५  ६
```

मुलीने दोन्ही गुणाकार करून पाठवले आणि विचारलं, "सर, BA तर येतंय. मग उत्तरात 'काढता येत नाही' असं का दिलंय?"

तिची आकडेमोड चोख होती. A ची ऑर्डर २×३, B ची ३×२, म्हणजे दोन्ही गुणाकार जमतात. गडबड फोटोत होती. B चा डावा कंस दिसत होता, उजवा नव्हता. मूळ पान मागवलं तेव्हा कळलं की भाव तीन बाजारांचे होते: जळगाव, धुळे आणि अमळनेर. अमळनेरचा ७, २, ६ हा रकाना फोटोच्या कडेला कापला गेला होता. खरी B ३×३ ची.

आता ऑर्डर शेजारी-शेजारी लिहून पाहा. AB साठी (२×३)(३×३): मधले दोन आकडे सारखे, म्हणून गुणाकार होतो आणि उत्तर बाहेरच्या आकड्यांचं, २×३. BA साठी (३×३)(२×३): मधे ३ आणि २. B च्या ओळीत तीन संख्या, A च्या उभ्या रकान्यात दोनच, त्यामुळे तिसऱ्या संख्येला जोडीदारच नाही. BA काढता येत नाही.

पूर्ण AB असा येतो:

```
AB = | ६३  ६२  ६६ |
     | ६२  ५८  ६४ |
```

पहिली ६३ म्हणजे ४×७ + १०×२ + ३×५, पहिल्या शेतकऱ्याच्या मालाचे जळगावच्या भावाने होणारे हजार रुपये. मुलीचे पहिले दोन रकाने अगदी हेच होते. AB चा प्रत्येक रकाना B च्या त्याच रकान्यावर ठरतो, म्हणून अमळनेर गेलं तरी जळगाव-धुळ्याचे आकडे बिघडत नाहीत. चूक लपते ती इथेच. B ची खालची ओळ कापली गेली असती तर AB लगेच अडला असता आणि शंका आली असती.

मग कापलेल्या B वरून आलेला BA कसा ओळखायचा? अर्थ लावून. त्यातली पहिल्या ओळीतली दुसरी संख्या ७×१० + ६×५ = १००. यात कापसाचा भाव मक्याच्या क्विंटलांना लावला गेला. असा हिशेब कुठल्याच बाजारात होत नाही. AB मध्ये A चे रकाने पिकांचे आणि B च्या ओळीही पिकांच्या, त्याच क्रमाने. BA मध्ये मात्र B चे रकाने बाजारांचे आणि A च्या ओळी शेतकऱ्यांच्या. आकडे जुळले तरी मथळे जुळत नाहीत. दोन्ही मॅट्रिक्स ३×३ असतील तेव्हा ऑर्डर काहीच पकडून देत नाही, तिथे मथळेच उपयोगी पडतात.

म्हणून फोटो काढताना प्रत्येक मॅट्रिक्सचे दोन्ही कंस आणि वरचे मथळे आत आलेत का ते पाहा. वहीत उतरवताना मॅट्रिक्सखाली ऑर्डर लिहा, आधी ओळी, मग रकाने. एखादा कंस दिसत नसेल तर गुणाकार सुरू करू नका, मूळ पान मागवा. उत्तर छापलेलं असेल तर त्याची ऑर्डर आधी मोजा. इथे AB चे छापील रकाने तीन होते आणि मुलीचे दोन. एवढ्या एका मोजणीत फोटोतली उणीव कळली असती.

आणि गुणाकार होत नसेल तर तो ओढूनताणून करू नका. काही मुलं A खाली शून्यांची ओळ जोडून BA काढतात. त्याने प्रश्नच बदलतो. उत्तरात शून्यही लिहू नका, कारण शून्य मॅट्रिक्स हे निघालेलं उत्तर असतं आणि इथे उत्तर निघतच नाही. एक वाक्य पुरतं: "B चे स्तंभ ३, A च्या ओळी २, हे समान नाहीत, म्हणून BA अस्तित्वात नाही." कारणासह लिहिलेलं हे वाक्य म्हणजेच त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर.