रशियनमध्ये पाच पुस्तकं कशी मोजाल?

मराठीत आपण सरळ ‘पाच पुस्तकं’ म्हणतो. रशियनमध्ये मात्र पाच ते वीस या आकड्यांनंतर नाम षष्ठीच्या अनेकवचनात, म्हणजे ‘पाच पुस्तकांचे’ अशा थाटात येतं. त्याचा प्रत्यय निवडायला मूळ एकवचनाचा शेवट बघा.

शेवटी ‘आ’ असेल तर तो बहुधा गळतो. ‘क्नीगा’ म्हणजे पुस्तक. पाच पुस्तकं ‘प्यात क्नीग’. शेवटी कठोर व्यंजन असेल तर बहुधा ‘ओव’ लागतो. ‘स्तोल’ म्हणजे टेबल. पाच टेबलं ‘प्यात स्तलोव’, ऐकायला ‘स्तलोफ’. मृदू व्यंजन असेल तर ‘एय’. ‘स्लवार’ म्हणजे शब्दकोश, लिहिताना शेवटी मृदुचिन्ह. पाच शब्दकोश ‘प्यात स्लवर्येय’.

‘अक्नो’ म्हणजे खिडकी. यातला स्वर गेला की ‘क्न’ उरतं, ते बोलायला अवघड, म्हणून मध्ये स्वर येऊन ‘ओकन’ होतं. ‘मोऱ्ये’ म्हणजे समुद्र. त्याचं ‘मर्येय’ मात्र पाठच करावं लागतं.

थोडक्यात, ज्याच्या शेवटी स्वर आहे त्याचा जातो, ज्याच्या शेवटी नाही त्याला प्रत्यय मिळतो!