मनातलं वाक्य समासात ठेव

पोरी, तुझ्या एकांकिकेतला ऐरोलीचा प्रवेश वाचला. दोन भाऊ, सिडकोचं जुनं घर आणि आईला कोणी ठेवून घ्यायचं हा पेच. धाकटा म्हणतो, "दादा, आता आईला तू ने." मोठा म्हणतो, "मला नाही जमणार." प्रवेश तिथेच संपला, नटांना करायला काही उरलं नाही.

आधी दोघांच्या नावापुढे समासात लिही: याला काय हवंय, आणि ते तोंडावर का बोलता येत नाही. धाकट्याला आई मोठ्याकडे मुलुंडला जायला हवी आहे, पण आई गेली तर घरावरचा आपला दावा सैल होईल ही धास्ती आहे. मोठ्याला आई नको, वाटा मात्र हवा. 'का बोलता येत नाही' याचं उत्तर सापडलं नाही, तर पात्राला सरळ बोलू दे. कारण नसताना आडवळण घेतलं की नुसतं गूढ वाटतं.

मग त्यांना बोलायला भलताच विषय दे, शक्यतो हातात धरता येईल असा. इथे आईची औषधं घे.

धाकटा : तुझ्या बिल्डिंगखालीच मेडिकल आहे ना रे दादा?
मोठा : आहे, पण लिफ्ट सारखी बंद असते.
धाकटा : इथे तर लिफ्टच नाही.
मोठा : रीडेव्हलपमेंटमध्ये होईलच की. कागद कोणाच्या नावावर करताय?
धाकटा : (गोळ्यांचा डबा पुढे सरकवत) रात्रीची गोळी नऊला द्यायची.

शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, डबा मात्र सरकला. कंसात अशी कृती लिही. 'टोमणा मारत', 'रागाने' लिहू नकोस, तसं लिहिलंस की मनातलं पुन्हा बाहेर आलंच.

हे न बोललेलं कळायला प्रेक्षकाच्या हाती माहिती आधी हवी. एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं, ते या नजरेने वाच. वडील गेलेत, मुंबईचा मुलगा आलाय, वाड्यासमोर ट्रॅक्टर बंद पडून आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तेराव्याच्या खर्चाच्या बोलण्यात घराण्याची पडती आणि भावांमधला ताणही ऐकू येतो. तुझ्या प्रवेशातही घर पाडून नवं होणार आहे, हे भाऊ भेटण्याआधीच कळू दे.

लिहून झालं की समास झाकून कोणाला तरी वाचायला दे आणि विचार, "कोणाला काय हवंय?" दोन्ही उत्तरं बरोबर आली तर संवादाला हात लावू नकोस. चुकली तर संवादात खुलासा घालू नकोस, मागे जाऊन माहिती पेर.

आणि सगळेच आडून बोलले तर कान थकतो. एकाला सरळ बोलू दे, ज्याला लपवण्यासारखं काही नाही त्याला. इथे ती आई आहे. तिला म्हणू दे, "मला कोणी विचारलंत का?"