मशीन बदलून द्या, असं लिहिताना

नवं फ्रंट लोड वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की घरभर घरघर व्हायची आणि ते जागचं सरकायचं. ऑनलाइन दुकानाच्या चॅटवर लगेच तक्रार केली. ‘आधी कंपनीचा टेक्निशियन बघून जाईल, मग पुढचं ठरवू’ असं उत्तर आलं. टेक्निशियन उशिरा आला, आणि तो येऊन गेल्यावर दुकान म्हणालं, बदलून देण्याची सात दिवसांची मुदत संपली, आता वॉरंटीत दुरुस्त करून घ्या. असं अनेकांच्या बाबतीत होतं. ग्राहक थांबतो ते दुकानाच्याच सांगण्यावरून, आणि उशिराचं खापर मात्र त्याच्यावर फुटतं.

म्हणून पत्रात मनस्ताप, गैरसोय, सणासुदीचे दिवस यांबद्दल मी काहीच लिहिलं नाही. वाद एवढाच होता की दोष मुदतीत कळवला होता की नाही. त्याचं उत्तर दुकानाच्याच कागदांत होतं. पत्राचा गाभा असा होता:

‘मशीन ४ जूनला घरी आलं (जोडपत्र १, ऑर्डरचं पान). त्याच पानावर बदलून देण्याची मुदत सात दिवस लिहिली आहे. ६ जूनला मी चॅटवर दोष कळवला आणि आपल्या प्रतिनिधीने तक्रार क्रमांक दिला (जोडपत्र २). टेक्निशियनची वाट पाहण्यास आपणच सांगितलं. तक्रार मुदतीत केलेली असल्यामुळे मशीन बदलून द्यावं.’

प्रत्येक वाक्यामागे एक कागद हवा. ज्याला कागद नाही ते वाक्य मी काढून टाकलं.

ऑर्डरचं पान लवकर जपून ठेवावं, कारण मुदत उलटली की त्यावरचा बदलून घेण्याचा पर्याय बहुधा दिसेनासा होतो. त्या पानाच्या स्क्रीनशॉटमध्ये ऑर्डर क्रमांक, घरपोच आल्याची तारीख, मुदत आणि विक्रेत्याचं नाव दिसलं पाहिजे. पत्र त्याच विक्रेत्याच्या नावे लिहावं, बिलावरही तेच नाव असतं. प्रत ऑनलाइन दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. चॅटचे स्क्रीनशॉट घेताना आधीच्या चित्रातली शेवटची ओळ पुढच्या चित्रात पुन्हा येऊ द्यावी, म्हणजे मधलं काही वगळल्याचा आक्षेप घेता येत नाही. मोबाइल नंबर, कार्डाचे आकडे झाकावेत. तारीख, वेळ, तक्रार क्रमांक मात्र कधीच झाकू नयेत.

वॉरंटीच्या अटी जोडताना जपावं लागतं. त्यांत बहुधा ‘दुरुस्ती किंवा बदल, कंपनीच्या निर्णयानुसार’ असं असतं आणि दुकान नेमकं त्यावर बोट ठेवतं. पण वॉरंटी हे उत्पादकाचं वचन असतं, विक्रेत्याची जबाबदारी त्याहून वेगळी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार अशा संकेतस्थळावरच्या विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. हे मी एका वाक्यात लिहिलं. वॉरंटीचं पान जोडलं ते फक्त मशीन वॉरंटीत आहे आणि वापरात अट मोडलेली नाही हे दाखवायला.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र टेक्निशियनचा जॉब शीट ठरला. फ्रंट लोड मशीनच्या मागे ड्रम घट्ट धरणारे ट्रान्झिट बोल्ट असतात. बसवताना ते काढले नाहीत, किंवा पाय समपातळीत नसले, तरी मशीन असंच थरथरतं, आणि तो दोष मशीनचा नसतो. दुकान हाच मुद्दा काढणार हे उघड होतं. म्हणून टेक्निशियनदादांना विनंती केली, ‘बोल्ट काढलेले आहेत, पातळी बरोबर आहे, तरी आवाज येतो, एवढं लिहून द्या.’ त्यांनी लिहिलं, बेअरिंगवर संशयही नोंदवला. तक्रार बंद करायचा ओटीपी त्यांनी मागितला तो मी दिला नाही. ओटीपी दिला की तक्रार ‘निकाली’ अशी नोंद होते, आणि तीच नोंद पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाते.

शेवटी मागणी आणि तारीख. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असं मोघम लिहू नये. ‘त्याच मॉडेलचं नवं मशीन द्या, ते नसेल तर पूर्ण रक्कम परत करा’ असं स्पष्ट लिहावं. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते, म्हणून ईमेल गेल्याची तारीख जपावी. तेवढ्यात काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही.

माझ्या बाबतीत आयोगापर्यंत जावं लागलं नाही. दुकानाने मशीन बदलून दिलं. नवं मशीन आल्यावर त्याचा सिरियल नंबर बिलाशी ताडून पाहावा. जुना नंबरच बिलावर राहिला तर पुढे वॉरंटीचा दावा अडतो. वॉरंटी नव्याने सुरू होते की जुन्याचे उरलेले महिनेच मिळतात, हेही त्याच ईमेलच्या उत्तरात लेखी मागून घ्यावं.