जास्त भारावर बॅटरी लवकर का उतरते?

दि. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले व त्यानंतर जिल्ह्यातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी घरातील इन्व्हर्टरची बॅटरी किती तास पुरेल, याचा अंदाज आधीच असणे आवश्यक ठरते. हा अंदाज बहुधा साध्या भागाकाराने केला जातो, आणि तेथेच चूक होते.

कुंडलिकेच्या काठी, रोह्यासमोर वसलेल्या अष्टमी येथील एक घर उदाहरणादाखल घेऊ. तेथे १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आहे. तिच्यावर ‘सी-२०’ असे छापलेले आहे. याचा अर्थ असा की, ही धारणशक्ती २० तासांत सावकाश उतरवली असता मिळते, म्हणजे ७.५ अँपिअरप्रमाणे २० तास. ३० अँपिअर घेतल्यास ती ५ तास चालेल असे वाटते. प्रत्यक्षात ती ४ तासही चालत नाही.

याचे कारण बॅटरीच्या आत आहे. तिच्यातील प्लेटा सच्छिद्र असतात व त्यांच्या छिद्रांत पाणीमिश्रित गंधकाम्ल भरलेले असते. वीज घेताना हे आम्ल शिशाशी संयोग पावते. प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते व पाणी तयार होते. छिद्रांतील आम्ल अशा रीतीने खर्च झाले की बाहेरचे आम्ल आत झिरपते. परंतु हे झिरपणे मंद असते. वीज सावकाश घेतली तर आम्ल वेळेवर पोचते. वीज वेगाने घेतली तर छिद्रांतील आम्ल पातळ होते, प्लेटांच्या पृष्ठभागावर सल्फेटाचा थर साचतो आणि आतील द्रव्य उपयोगात न येताच व्होल्टेज खाली येते. मग इन्व्हर्टर बंद पडतो.

उरलेली शक्ती मात्र नाहीशी झालेली नसते. बॅटरीला काही तास विश्रांती दिल्यास आम्ल पुन्हा आत पोचते व एखादा दिवा बराच वेळ चालतो. हीच याची खूण होय.

पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली याचा नियम मांडला. तो गणिती घातांकाचा असला तरी शेतकऱ्यास पुढील सोपी रीत पुरेशी आहे: भार दुप्पट झाला की तासांना २ ने नव्हे, तर २.३ ने भागावे. बॅटरीच्या बनावटीनुसार हा आकडा साधारण २.२ ते २.५ असतो.

प्रथम भाराचे वॅट मोजावेत. १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरसाठी, त्यातील घट धरून, वॅटला १० ने भागले की अँपिअर मिळतात. वरील घराचा हिशेब असा होतो:

७५ वॅट (७.५ अँपिअर): पाच दिवे व मोबाईल, २० तास.
१५० वॅट (१५ अँपिअर): त्यात एक पंखा वाढविल्यास, २० ÷ २.३ = सुमारे ८.७ तास.
३०० वॅट (३० अँपिअर): तीन पंखे, ८.७ ÷ २.३ = सुमारे ३.८ तास.
६०० वॅट (६० अँपिअर): लहान पंप, ३.८ ÷ २.३ = सुमारे १.६ तास.

शेवटच्या ओळीत १५० पैकी जेमतेम १०० अँपिअर-तासच हाती लागतात. शिवाय पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते. त्यामुळे अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पंप सुरूच होणार नाही, असेही घडते.

बॅटरीवर ‘सी-१०’ छापले असल्यास हिशेबाचा प्रारंभ १० तासांपासून करावा. १५० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीतून १५ अँपिअर १० तास मिळतात. म्हणून ३० अँपिअरला १० ÷ २.३ = सुमारे ४.३ तास येतात. छापील आकडा सारखा असला तरी या दोन बॅटऱ्या सारख्या नाहीत.

वरील तास नव्या, पूर्ण भारित बॅटरीचे आहेत. जुन्या बॅटरीची परीक्षा घरीच करावी. ती पूर्ण भारित करून १५० वॅटचा भार लावावा व इन्व्हर्टरची सूचना-घंटा वाजेपर्यंतचे तास मोजावेत. समजा, ८.७ ऐवजी ६ तास भरले, तर ३०० वॅटवर ६ ÷ २.३ = सुमारे २.६ तासच मिळतील. परीक्षा संपताच बॅटरी भारित करावी. उतरलेली ठेवल्यास सल्फेट कठीण होते व धारणशक्ती कायमची घटते.

याच कारणास्तव, वीज केव्हा येईल याचा भरवसा नसेल तेव्हाही बॅटरी पूर्ण उतरवू नये. काढलेल्या तासांपैकी निम्मेच वापरावयाचे असे ठरवावे. त्या अष्टमीच्या घरात तीन पंखे सुमारे दोन तास चालतील. केवळ दिवे ठेवल्यास दहा तास, म्हणजे रात्रभर, उजेड राहील.