अर्धे सोनेरी, अर्धे लाल : रंग एकमेकांत का मिसळतात?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत सलूनचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांकडे आता मधोमध भांग पाडून एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरा रंग मागणारी तरुण गिऱ्हाइके येतात. रंग लावणे अवघड नाही. सीमारेषा स्वच्छ ठेवणे अवघड. खरे नुकसान बहुतेक वेळा धुताना होते.

डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस सोनेरी, असे उदाहरण घेऊ. आपल्याकडील केस काळे असल्याने दोन्ही बाजू आधी ब्लीच कराव्या लागतात. ब्लीचने केसाचा वरचा थर उघडतो आणि असा केस शेजारच्या रंगाचे पाणीही ओढून घेतो. त्यामुळे सोनेरी बाजूवर गुलाबी छटा लगेच दिसते.

ब्लीच धुऊन केस पूर्ण कोरडे करावेत. मग नाकाच्या टोकापासून मानेच्या मध्यापर्यंत टोकदार कंगव्याने सरळ भांग पाडावा आणि दोन आरशांत मागची बाजू तपासावी. सोनेरी बाजूच्या केसांना, विशेषतः रेषेलगत, कंडिशनर चोपडून ती बाजू प्लास्टिकमध्ये गुंडाळावी. कंडिशनरचा थर रंगाला अडवतो. डोक्याच्या त्वचेवर रेषेलगत व्हॅसलीनची बारीक पट्टी लावावी.

आता डेव्हलपर न लागणारा लाल रंग थोडा थोडा ब्रशवर घ्यावा. भांगाजवळ पातळ बटा घेऊन ब्रश नेहमी रेषेपासून दूर ओढावा, रेषेकडे कधीही नाही.

धुताना प्लास्टिक सोडू नये. डोके लाल बाजूस कलते करून ती बाजू खाली ठेवावी व थंड पाण्याने निथळ पाणी येईपर्यंत धुवावे. लाल पाणी सोनेरी केसांकडे वाहता कामा नये. नंतर डोके दुसऱ्या बाजूस कलते करून सोनेरी बाजू उघडून धुवावी. ओल्या लाल बटेवर पांढरा टिश्यू दाबावा; गुलाबी डाग पडला तर अजून धुवायचे आहे. दोन्ही बाजूंना वेगळा टॉवेल वापरून त्या वेगवेगळ्या वाळवाव्यात.

चूक कुठे झाली, हे डागाच्या जागेवरून कळते. गुलाबी छटा मुळाशी रेषेलगत असेल तर ब्रश चुकला. टोकांना असेल तर धुणे चुकले. फिकट छटा दोन-तीनदा शांपू केल्यास बहुधा निघते. गडद डागावर घाईने पुन्हा ब्लीच करू नये, केस तुटतात.

गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे : लाल रंग पहिल्या काही धुण्यांत सुटणारच, घामाने व पावसाने कॉलरही रंगेल, आणि भांग बदलला तर रेषा मोडेल. कामाआधी 48 तास कानामागे रंगाची चाचणी घ्यावी. हे सांगून घेतलेले पैसे निर्धास्त खाता येतात.