तीन वर्षांचा नफा आणि दहा वर्षांचा नफा : तुलना कशी करावी?

दोन शेतकऱ्यांनी प्रत्येकी १०,००० रुपये गुंतविले असे समजू. पहिल्यास तीन वर्षांनी १३,००० रुपये मिळाले, म्हणजे शेकडा ३० नफा झाला. दुसऱ्यास दहा वर्षांनी २०,००० रुपये मिळाले, म्हणजे शेकडा १०० नफा झाला. वरवर पाहता दुसऱ्याचा व्यवहार सरस वाटतो. परंतु दोघांच्या मुदती भिन्न असल्याने ही तुलना योग्य नव्हे.

नफ्यास वर्षांनी भागले तर दोन्हीकडे दरसाल शेकडा १० येतात व व्यवहार समान भासतात. हेही खरे नाही. या भागाकारात व्याजावरील व्याज धरलेले नसते आणि मुदत जितकी लांब तितकी ही चूक मोठी होते. म्हणून मुद्दल दरवर्षी कोणत्या चक्रवाढ दराने वाढले, ते काढावे.

हा दर अदमासाने दर धरून व पडताळून काढता येतो. पहिल्या व्यवहारात ९ टक्के धरून पाहावे. १०,००० चे पहिल्या वर्षअखेर १०,९००, दुसऱ्या वर्षअखेर ११,८८१ व तिसऱ्या वर्षअखेर सुमारे १२,९५० रुपये होतात. मिळालेली रक्कम याहून थोडी अधिक असल्याने खरा दर ९ च्या किंचित वर, म्हणजे ९.१४ टक्के आहे. दुसऱ्या व्यवहारात ७ टक्के धरल्यास दहा वर्षांत सुमारे १९,६७२ आणि ७.२ टक्के धरल्यास २०,०४२ रुपये होतात. खरा दर यांच्या मध्ये, ७.१८ टक्के आहे. म्हणजे वार्षिक दराने पहिला व्यवहार सरस ठरतो.

या रीतीचा पडताळा किसान विकास पत्रावर घेता येईल. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दर ७.५ टक्के ठरला व रक्कम दुप्पट होण्याची मुदत ११५ महिने ठरली. केवळ भागाकार केल्यास दर १०.४ टक्के भासला असता.

मात्र पहिल्या शेतकऱ्याचे पैसे तीन वर्षांनी मोकळे होतात. पुढील सात वर्षे तितकाच दर मिळेल, असे वार्षिक दर सांगत नाही. १३,००० चे सात वर्षांत २०,००० होण्यास सुमारे ६.३५ टक्के दर पुरेसा आहे. त्याहून कमी दर मिळाला, किंवा पैसे घरात पडून राहिले, तर दहा वर्षांच्या अखेरीस दुसराच शेतकरी पुढे राहील. सल्ला देताना हा आकडा शेतकऱ्यापुढे अवश्य मांडावा.

रक्कम एकदाच घातली व एकदाच परत आली, तरच ही रीत लागू पडते. फळबागेत खत, मजुरी व पाणी यांवर दरवर्षी खर्च होतो आणि उत्पन्नही टप्प्याटप्प्याने येते. तेथे प्रत्येक रक्कम किती वर्षे गुंतून राहिली, हे निराळे धरावे लागते.